सामाईक भिंतीत वाळवी: अर्ज कोणी करायचा आणि खर्च कोणी द्यायचा

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत तळमजल्याच्या दोन सदनिकांमधली भिंत वाळवीने धरली की मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे आणि सोसायटी दोघांकडे. खर्च कोणाचा, हे मात्र भिंत कोणाची यापेक्षा वाळवी आली कुठून यावरून ठरते. म्हणून अर्जाच्या आधी पाहणी करून घ्या.

स्कर्टिंगपासून वर चढलेल्या मातीच्या नळ्या दिसल्या की लोक आधी त्या झाडूने पाडतात किंवा त्यांवर फवारा मारतात. दिसणारी वाळवी मरते, वारूळ जमिनीत तसेच राहते आणि ती कुठून आली याचा पुरावाही जातो. त्याऐवजी तारखेसह फोटो काढा. नळी दोन इंचभर फोडून दोन-तीन दिवस थांबा. ती पुन्हा बांधली गेली तर वाळवी चालू आहे. मग नळी खाली कुठे जाते ते पाहा: बाहेरची प्लिंथ, डक्ट, की तुमच्याच लाकडी चौकटीत संपते?

आदर्श उपविधींत सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. त्यात बाहेरच्या भिंती, जिने, सांडपाण्याच्या वाहिन्या येतात. 'वाळवी' हा शब्द तिथे शोधत बसू नका. प्लिंथ, डक्ट किंवा चेंबरमधून कीड येत असेल तर मूळ सामाईक भागात आहे, हे पाहणीच्या अहवालाने दाखवायचे. आतले फर्निचर, कपाट, दाराची चौकट मालकाची. स्वयंपाकघरातल्या अस्वच्छतेने झालेली झुरळे किंवा सामानाबरोबर आलेले ढेकूण राहणाऱ्याचे, करारात वेगळे लिहिले नसेल तर.

अर्ज सभासदाने, म्हणजे मालकाने, सचिवांना द्यायचा. भाडेकरू सभासद नसतो, त्यामुळे त्याने मालकाला लेखी कळवून त्याची प्रत ठेवावी. अर्जाचा मुख्य भाग एवढाच पुरतो:

"सदनिका क्र. ३ व ४ मधील भिंतीवर वाळवीच्या नळ्या आहेत. पाहणीनुसार मूळ मागील डक्टजवळच्या प्लिंथमध्ये आहे. प्लिंथ व डक्टची प्रक्रिया सोसायटीने करावी आणि क्र. ४ मध्ये प्रवेश मिळावा, ही विनंती."

सोबत फोटो, पाहणीचा अहवाल, भाड्याने दिली असल्यास नोंदणीकृत कराराची प्रत आणि कोटेशन जोडा. कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा पेस्ट कंट्रोलचा परवाना ठेकेदाराकडे आहे का तेही बघा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. समितीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन त्यानंतर १५ दिवसांत कळवायचे असते. दुरुस्ती-गळतीसारखे वाद पुढे सहकार न्यायालयात जातात.

क्र. ४ चा प्रवेश का लागतो, हे उदाहरणाने कळेल. भिंत ३.६ मीटर लांब. बांधून झालेल्या इमारतीसाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस ६३१३, भाग ३) फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर ३०० मिलिमीटर अंतराने भोके पाडून औषध सोडतात, भोकामागे साधारण एक लिटर. म्हणजे एका बाजूला १३ भोके, दोन्ही बाजूंनी २६ लिटर द्रावण. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरला २.१ मिलि या प्रमाणात, एकूण सुमारे ५५ मिलि लागते. एकाच बाजूने केले तर अर्धी जमीन कोरडी राहते आणि वाळवी शेजाऱ्याकडून वळसा घालून परत येते. ठेकेदाराची हमी दोन्ही बाजूंच्या कामावर आहे का, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. जमिनीखालची पाण्याची टाकी जवळ असेल तर ती आधीच दाखवा.

कोटेशन तीन ओळींत मागा: प्लिंथ-डक्ट, भिंतीच्या दोन्ही बाजू, आतले लाकूडकाम. एकत्रित रकमेवरच भांडण होते. पहिली ओळ सोसायटीची, तिसरी ज्याच्या घरात त्या मालकाची. मधल्या ओळीवर खटके उडतात; मूळ प्लिंथमध्ये असेल तर तीही सोसायटीने द्यावी, हे आमचे मत. समिती अडली तर दोन मालकांनी निम्मे-निम्मे भरून काम उरकावे आणि वसुलीचा हक्क राखून ठेवल्याचे लेखी द्यावे, कारण वाळवी सभेची वाट बघत नाही.

भाडेकरूबद्दल एक गल्लत नेहमी होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत काम केले नाही तर भाडेकरू ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे मात्र कायद्यातल्या 'भाडेकरू'साठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा परवानाधारक असतो. त्याने या कलमाच्या भरवशावर भाडे कापले तर अनामत रकमेवरून वाद ओढवतो. त्याच्यासाठी करारातले एक वाक्य पुरेसे ठरते: 'जमिनीतून व सामाईक भागातून येणाऱ्या किडीचा खर्च मालकाचा.' सही करण्याआधी ते घालून घ्या.