जिभेखालची गोळी आणि काही सेकंदांचा वायू

दादर स्टेशनचा पूल चढता चढता आमचे नाना थबकले आणि त्यांनी कठडा धरला. छाती आवळून आली होती. काकूंनी त्यांना आधी पायरीवर बसवलं, मग सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवली. चारेक मिनिटांत छाती मोकळी झाली, पण डोकं ठणकू लागलं. या दोन्हींमागे एकच वायू आहे, नायट्रिक ऑक्साइड. आणि तो आपलं शरीर स्वतःही बनवतं.

हे कळलं ते सशाच्या महाधमनीवरून. न्यूयॉर्कमधले रॉबर्ट फर्चगॉट तिच्या पट्ट्या अ‍ॅसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनात ठेवत. कधी त्या सैल पडत, कधी नाही. शेवटी लक्षात आलं, की पट्टी कापताना आतला भाग घासला गेला तर ती सैल होत नाही. रक्ताला लागून असलेला पेशींचा एकेरी थर, म्हणजे अंतःस्तर, त्यात निघून जात असे. मग त्यांनी घासलेल्या पट्टीला शाबूत थराची दुसरी पट्टी सँडविचसारखी चिकटवली. आता घासलेली पट्टीही सैल झाली! थरातून काहीतरी निघून शेजारच्या स्नायूत पोचत होतं. हा शोधनिबंध 1980 चा. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे पुढच्या सहा-सात वर्षांत ठरलं.

अंतःस्तरातलं एक एन्झाइम आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू बनवतं. रेणू इतका लहान आणि विद्युतभाररहित, की पेशीचं आवरण त्याला अडवत नाही. बहुतेक संदेशवाहकांना पेशीच्या दारावर त्यांना पकडणारा ग्राही लागतो. हा सरळ आत शिरतो आणि स्नायूपेशीतल्या एका एन्झाइममधल्या लोहाला चिकटतो. त्यातून सीजीएमपी नावाचा रेणू तयार होतो, पेशीतलं कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैलावतो. रक्तात मात्र हिमोग्लोबिन या वायूला लगेच संपवतं. काही सेकंदांचंच आयुष्य, म्हणून परिणाम शेजारापुरता राहतो.

नानांच्या गोळीतून हाच वायू थेट स्नायूपेशीत सुटतो, त्यामुळे अंतःस्तर बिघडला असला तरी ती काम करते. तिने ब्लॉकेज उघडतं असं अनेकांना वाटतं, पण मुख्य काम होतं ते शिरांमध्ये. शिरा रुंदावतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि त्याचा भार हलका होतो. डोक्यातल्या रक्तवाहिन्याही रुंदावतात, म्हणून ठणका. रक्तदाबही उतरतो, उभ्याने गोळी घेतली तर माणूस चक्कर येऊन पडू शकतो. काकूंनी नानांना आधी बसवलं ते याचसाठी. आणि पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही, तर वाट न पाहता 108 ला फोन करायचा, हे त्यांना पाठ आहे.

डॉक्टरांनी नानांना खासगीत एक प्रश्न विचारला होता: व्हायग्रा घेता का? त्यातलं सिल्डेनाफिल सीजीएमपीचं विघटन रोखतं. गोळी तो रेणू वाढवणार आणि हे औषध तो संपू देणार नाही, मग रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान 24 तास ही गोळी वर्ज्य, आणि तसं घेतलं असेल तर ते लाज न बाळगता डॉक्टरांना सांगायचं.