धाबं गेलं, स्लॅब आला: खान्देशात घर थंड ठेवायच्या खटपटीची पार्श्वभूमी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो हे सगळ्यांना माहितीये, पण खान्देशातलं घर तापतं ते मुख्यतः वरून, हे फार कमी जण लक्षात घेतात. आपण साधारण 21 अक्षांशावर, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन नावालाच लागतं, पश्चिमेची भिंत संध्याकाळी भाजते, आणि छत मात्र सकाळपासून उतरत्या उन्हापर्यंत तापतच राहतं.

जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात याचा बंदोबस्त आपोआप झालेला होता. सागाचे सर, त्यावर लाकडी पट्ट्यांचं किलचन, वर काड्या-पाला, मग मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी. ही खारी म्हणजे गावातली पांढुरकी खारट माती, तिच्यातल्या क्षारामुळे ओली झाली की तिचे कण सुटे होऊन फटी बुजवतात आणि पाणी खाली झिरपत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी लोक खारी टाकायचे ते धाबं गळू नये म्हणून, थंडाव्यासाठी नाही! पण फिकट रंगामुळे ऊन बरंच परत जायचं, आणि जे आत शिरायचं त्याला माती पार करायलाच रात्र व्हायची. भिंतीही मातीच्या, दोन-दोन फूट जाड.

मग लाकूड महागलं, खारी टाकायला माणसं मिळेनात, गळती आणि उंदीर-सापांचा वैताग होताच, आणि ‘पक्कं घर’ म्हणजे स्लॅब असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. स्लॅब चार-पाच इंचाचा, रंग करडा. दुपारी दोनचं ऊन तीन-चार तासांत खालच्या बाजूला पोचतं, म्हणजे नेमकं माणूस घरी येऊन पंखा लावतो तेव्हा, आणि पंखा वरचीच गरम हवा खाली फेकतो.

आता जे उपाय सांगतात तेही मुळात उन्हासाठी निघालेले नाहीत, हे मला भारी गंमतशीर वाटतं. दुहेरी पोकळ भिंत 19 व्या शतकात इंग्लंडात वाढली ती पावसाची ओल आत येऊ नये म्हणून. पोकळ सिमेंट ब्लॉक 1900 च्या सुमारास अमेरिकेत हार्मन पामरच्या मशीनमुळे पसरला, त्यात माल कमी लागतो आणि वजन हलकं म्हणून. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रॅट-ट्रॅप पद्धत रुजवली, तिच्यात विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडतात, नऊ इंची भिंतीत पाव हिस्सा विटा वाचतात, थंडावा हा वरचा फायदा. हवा कोंडलेली असली की उष्णता हळू जाते एवढंच यातलं तत्त्व आहे. म्हणून पोकळी फार रुंद करून उपयोग नाही, हवा आत फिरायला लागते, आणि गवंड्याने मसाला आत पाडला की तिथून उष्णता सरळ पलीकडे जाते. आपल्याकडची गावभट्टीची वीट एकसारखी नसते त्यामुळे रॅट-ट्रॅपचं काम हमखास वाकडं होतं, पोकळी करायचीच तर पश्चिमेच्या भिंतीला करा, तिथे पैसे वसूल होतात.

छताला मात्र पांढरा रंग. हिशोब बघा: दहा बाय बाराच्या खोलीचं छत 11 चौरस मीटर, भर दुपारी त्यावर साधारण 10 किलोवॅट ऊन पडतं. करडा स्लॅब त्यातला सहा-साडेसहा शोषतो, ताजा पांढरा अडीचच्या आसपास. फरक चार किलोवॅटचा, एक टनी एसी उचलतो त्याहून थोडा जास्तच. अर्थात सगळं खाली येत नाही, बरंचसं वाऱ्यासोबत जातं, म्हणून खोलीत फरक दोन ते पाच अंशांचाच जाणवतो, तोही फक्त वरच्या मजल्यावर. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं, दोन्हींच्या चर्चेनंतर रिफ्लेक्टिव्ह पेंटचे डबे इकडेही दिसायला लागले.

पेंट महाग वाटत असेल तर कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात थोडा फेव्हिकॉल टाकून दोन हात मारा. आखाजीच्या आधी मारायचा, म्हणजे मेच्या उन्हाला तयार. पावसात तो उतरतो, दरवर्षी परत मारावा लागतो. आणि इकडचा खरा शत्रू धूळ आहे, वावटळी सुटल्या की महिन्याभरात पांढऱ्याचं मातकट होतं. ओला हात फिरवा: तळवा पांढरा झाला तर चुना सुटतोय, मातकट झाला तर नुसती धूळ, पाणी मारून झाडलं की झालं. खात्री करायची असेल तर अर्धाच स्लॅब रंगवा आणि दुपारी दोन वाजता अनवाणी चालून बघा, करड्या बाजूला पाय ठेववत नाही.