मायटोसिस आणि मेयोसिस: फरकाची गोष्ट घोड्याच्या जंतापासून सुरू होते

लातूर-नांदेडकडं अकरावीची पोरं मायटोसिस-मेयोसिस या पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांतल्या फरकाचा तक्ता धडाधड पाठ करायलेत, पण हा फरक शोधला कसा ते कुणी सांगत नाही, अन् ते कळलं की तक्ता पाठ करायची अर्धी गरजच उरत नाही.

वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन माणसानं सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून बघितल्या आणि 1882 च्या पुस्तकात मायटोसिसचं सविस्तर वर्णन केलं. पेशीतला प्रत्येक धागा, म्हणजे गुणसूत्र, उभा चिरतो, एकेक अर्धा भाग दोन्हीकडं जातो, संख्या तेवढीच राहते. इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोळ झाला तो पुढच्याच वर्षी. 1883 मधे बेल्जियमच्या व्हान बेनेडेननं घोड्याच्या आतड्यातला अॅस्कॅरिस जंत घेतला (निवड भारी होती, कारण गुणसूत्रं अगदी थोडी, सहज मोजता येतात), तर फलित अंड्यात 4 गुणसूत्रं, त्यातली 2 आईची अन् 2 बापाची. आता अंडं आणि शुक्राणू मायटोसिसनंच झाले असते तर दोघांतही 4-4 आली असती, मग पुढच्या पिढीत 8, त्याच्या पुढं 16, असं वाढतच गेलं असतं ना. म्हणून 1887 मधे वाइसमान या जर्मन जीवशास्त्रज्ञानं ठासून सांगितलं की संख्या निम्मी करणारं वेगळं विभाजन असलंच पाहिजे. त्याला मेयोसिस हे नाव मिळालं 1905 मधे, फार्मर आणि मूर यांच्याकडून.

आता हीच 4 गुणसूत्रं घेऊन वहीच्या पानावर मधे रेघ मारा. दोन्ही बाजूला सुरुवात सारखीच, डीएनएची कॉपी आधीच झालेली, प्रत्येक गुणसूत्राला दोन क्रोमॅटिड. डावीकडं मायटोसिस: चारही गुणसूत्रं सुटी सुटी मधोमध उभी राहतात, प्रत्येकाचे क्रोमॅटिड वेगळे होतात, एकाच विभाजनात दोन पेशी, दोन्हीत 4. उजवीकडं मेयोसिस: आईचं-बापाचं सारखं गुणसूत्र आधी जोडी लावतं, तुकड्यांची अदलाबदल करतं, अन् मधोमध येतात त्या 2 जोड्या. मग जोडी फुटते, क्रोमॅटिड नाही! इथंच 4 चे 2 होतात. दुसऱ्या विभाजनात क्रोमॅटिड सुटतात, 2 चे 2 च राहतात, पेशी होतात चार. बरीच पोरं संख्या मेयोसिस दोनमधे निम्मी होते असं लिहितात आणि मार्क घालवतात, खरं तर ते दुसरं विभाजन मायटोसिससारखंच चालतं. चार पेशींचंही एक आहे, नरात चारही शुक्राणू होतात, मादीत मात्र अंडं एकच, बाकीच्या बारक्या पेशी वाया जातात.

प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळीचं टोक असतं, त्यात मेयोसिस शोधत बसू नका, तिथं फक्त मायटोसिस अन् 16 गुणसूत्रं. मेयोसिससाठी कांद्याच्याच फुलाच्या कळीतले कोवळे परागकोष लागतात, स्लाइड नीट जमली तर 8 जोड्या मोजता येतात.