रजेचा अर्ज (पाल्याच्या आजारपणासाठी)

पाल्य आजारपणामुळे काही दिवस शाळेत येऊ शकला नाही, तर पालकाने वर्गशिक्षकांना लिहून दिलेल्या पत्रास रजेचा अर्ज म्हणतात. एक-दोन दिवसांच्या खाड्यासाठी शालेय दैनंदिनीतील चिठ्ठी बहुधा पुरते. आठवडाभराच्या गैरहजेरीसाठी मात्र बहुतेक शाळा स्वतंत्र अर्ज आणि त्यासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत या अर्जाचा साचा ठरलेला आहे. वर उजवीकडे दिनांक, डावीकडे ‘प्रति, मा. वर्गशिक्षक’ आणि त्याखाली इयत्ता, तुकडी व शाळेचे नाव, मग विषय, ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ हे संबोधन, ‘वरील विषयास अनुसरून’ किंवा ‘अर्ज करण्यास कारण की’ अशी सुरुवात आणि शेवटी ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’ लिहून पालकाची सही. विद्यार्थ्याच्या पूर्ण नावासोबत हजेरी क्रमांक दिला, तर शिक्षकांना हजेरीपटातील ओळ लगेच सापडते.

मजकुराचे खरे मोल तारखांत असते. ‘मुलाला बरे नव्हते, म्हणून आठ-दहा दिवस येऊ शकला नाही’ असे वाक्य बोलण्यात चालते, पण हजेरीपट दिवसागणिक भरलेला असल्याने असा अर्ज त्याच्याशी जुळवता येत नाही. आजार संसर्गजन्य असेल, तर तारखांवरून आणखी एक गोष्ट कळते : वर्गातील इतर मुलांना लागण केव्हा झाली असू शकते.

कांजिण्यांचे उदाहरण पाहू. पाचवीतील एक मुलगी शनिवार, १ फेब्रुवारी २०२५ रोजी शाळेत होती आणि रविवारी सकाळी तिच्या अंगावर पुरळ दिसले. ३ ते ८ फेब्रुवारी असे कामकाजाचे सहा दिवस ती घरी राहिली. शनिवारी सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या आणि सोमवारी, १० तारखेला ती शाळेत आली. आईने अर्जात लिहिले :

‘अर्ज करण्यास कारण की, माझी मुलगी, हजेरी क्रमांक १७, हिच्या अंगावर दि. २ फेब्रुवारी रोजी कांजिण्यांचे पुरळ उठल्याने ती दि. ३ ते ८ फेब्रुवारी या काळात शाळेत येऊ शकली नाही. शनिवार, दि. १ रोजी ती वर्गात उपस्थित होती. आता सर्व फोडांवर खपल्या धरल्या असून, तिला शाळेत पाठवण्यास हरकत नाही, असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. तरी तिची रजा मंजूर करावी व बुडालेली घटक चाचणी पुन्हा घेता आल्यास कळवावे, ही विनंती.’

या मजकुरातील दुसरे वाक्य पालक सहसा लिहीत नाहीत, आणि शिक्षकांना नेमके तेच हवे असते. कांजिण्यांचा रुग्ण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो, तो सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण १० ते २१ दिवस लागतात. म्हणजे शुक्रवारी-शनिवारी तिच्या शेजारी बसलेल्या मुलांकडे साधारण २२ फेब्रुवारीपर्यंत लक्ष ठेवावे लागते. वर्गावर येणाऱ्या एखाद्या शिक्षिका गरोदर असतील आणि त्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील आणि त्यांनी लसही घेतलेली नसेल, तर त्यांना डॉक्टरांचा सल्ला ताबडतोब घ्यावा लागतो. त्यामुळे ही माहिती अर्जापर्यंत थांबवू नये. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना फोन करून सांगावी आणि मूल परतताना लेखी अर्ज द्यावा. आजारपण किती दिवस चालेल हे सुरुवातीला ठाऊक नसल्याने, आधीच दिलेल्या अर्जातील अखेरची तारीख बहुधा चुकते. अर्थात आजाराचे नाव वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर न टाकता थेट शिक्षकांनाच कळवणे मुलाच्या दृष्टीने बरे असते.

सोबतच्या प्रमाणपत्रात आजाराचा काळ आणि मूल शाळेत जाण्यास योग्य असल्याचा उल्लेख, हे दोन्ही हवेत. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्काही असावा. केवळ औषधांची चिठ्ठी जोडली, तर आजार झाल्याचे कळते, पण मूल बरे झाले की नाही ते कळत नाही. अर्जातील आणि प्रमाणपत्रातील तारखा जुळत नसल्या, तर शिक्षक अर्ज परत करतात. मूल पालकाच्या नावाने स्वतःच अर्ज लिहून आणते, असेही घडते. अशा वेळी शिक्षक प्रवेश अर्जावरील किंवा प्रगतिपुस्तकावरील सहीशी सही ताडून पाहतात.

रजा मंजूर झाली म्हणून हजेरीपटातील गैरहजेरी हजेरीत बदलत नाही. तिचे कारण तेवढे नोंदले जाते. खालच्या वर्गांत याने फारसा फरक पडत नाही. दहावी-बारावीला मात्र राज्य मंडळाच्या परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते, आणि ती कमी पडल्यास सवलतीच्या मागणीला आजारपणाचे कागदच आधार ठरतात. म्हणून त्या वर्षी अर्जाची आणि प्रमाणपत्राची एक प्रत, शिक्षकांची पोच घेऊन, पालकाने आपल्याजवळ ठेवावी.