बियाण्याच्या पाकिटाचा फोटो काय सिद्ध करतो?

विद्यार्थी मित्रहो, रोहिणी नक्षत्र लागले की आपल्या भागात सरकीची खरेदी सुरू होते आणि त्याच सुमारास मोबाइलवर एक फोटो फिरू लागतो. एकाच कंपनीची दोन पाकिटे शेजारी ठेवलेली असतात, एकावर लाल वर्तुळ काढलेले असते आणि खाली लिहिलेले असते, ‘छपाई पुसट आहे, हे बोगस आहे’. विज्ञान मंडळाच्या आजच्या व्याख्यानात त्या फोटोतून नेमके काय कळू शकते, हे पाहू.

प्रथम छपाई समजून घेऊ. रंगीत पाकिटावरचे कापसाचे बोंड भिंगाखाली धरले, तर तेथे सलग रंग नसून निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंचे बारीक ठिपके दिसतात. मूळ पाकिटावरची बारीक काळी अक्षरे मात्र सहसा एकाच काळ्या शाईने सलग छापलेली असतात. नक्कल करणाऱ्याने मूळ पाकीट स्कॅन करून त्यावरून छपाई केली, तर अक्षरेही चित्राचाच भाग होतात. मग ती चार रंगांच्या ठिपक्यांनी बनतात आणि त्यांच्या कडांना रंगीत झालर दिसते. हा चांगला पुरावा आहे. लॉट क्रमांक आणि तारीख नंतर वेगळ्या यंत्राने उमटवतात व त्या छपाईत ठिपके असणे स्वाभाविक असते. म्हणून तपासणी बाकीच्या मजकुराची करावी.

हे ठिपके फोटोत येतात का? हिशोब करू. चांगल्या छपाईत एका मिलिमीटरमध्ये ठिपक्यांच्या साधारण 6 ओळी असतात. पाकीट 20 सेंटिमीटर, म्हणजे 200 मिलिमीटर उंच आहे आणि ते फोटोच्या 4000 पिक्सेल लांबीत पूर्ण बसवले आहे असे धरू. एका मिलिमीटरला 20 पिक्सेल, म्हणजे ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीला तीनहून थोडे अधिक पिक्सेल मिळतात. पुन्हा पुन्हा येणारी नक्षी टिपायला प्रत्येक आवर्तनासाठी किमान दोन पिक्सेल लागतात. हा नायक्विस्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. येथवर ठीक आहे. आता तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला आणि त्याची लांबी सुमारे 1600 पिक्सेल उरली, तर मिलिमीटरला 8 पिक्सेल आणि ओळीला सुमारे सव्वा पिक्सेल येतो. ठिपके एकतर पुसले जातात किंवा कागदावर मुळीच नसलेले जाड पट्टे त्यांच्या जागी उमटतात. आपल्या उदाहरणात मिलिमीटरला 8 पिक्सेल आणि 6 ओळी आहेत. या दोहोंतील फरकाइतके, म्हणजे मिलिमीटरला 2 खोटे पट्टे दिसू शकतात. लाल वर्तुळातला ‘पुसटपणा’ किंवा ‘पट्टे’ अनेकदा फोटो असा लहान करताना निर्माण झालेले असतात आणि त्यावरून एखाद्या कृषी केंद्राला बदनाम करणे सर्वथा अयोग्य आहे.

यावर उपाय साधा आहे. संपूर्ण पाकिटाऐवजी केवळ 4 सेंटिमीटर भाग फोटोत भरावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मग मिलिमीटरला 100 पिक्सेल मिळतात आणि अक्षरांच्या कडा निर्विवाद दिसतात.

मात्र एवढ्या स्पष्ट फोटोचाही पुरावा एकाच दिशेने चालतो. कडांना झालर असेल, तर नकलेचा संशय घेण्यास सबळ कारण मिळते. कडा स्वच्छ असल्या, तरी बियाणे अस्सल ठरत नाही, कारण मूळ पाकिटात दुसरी सरकी भरलेली असू शकते. क्यूआर कोडचेही तसेच आहे. त्याची झेरॉक्स काढली तरी ती तेच पान उघडते. सरकीचा लाल किंवा निळा रंग गडद असेल तर माल अस्सल, ही समजूतही सोडून द्यावी. तो बीजप्रक्रियेच्या वेळी लावलेला रंग असतो आणि फोटोत त्याची छटा उजेडानुसार बदलते.

पाकिटातल्या बियाण्याबद्दल बियाणेच सांगू शकते. शाळेत 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, गोणपाट ओलसर राखा आणि 12 दिवसांनी निरोगी रोपे मोजा. संकरित कापसाच्या पाकिटावर किमान 75 टक्के उगवण लिहिलेली असते. तिच्याशी आपला आकडा ताडून पाहता येतो. बीटी प्रथिन आहे की नाही, हे पानाचा किंवा दाण्याचा अर्क काढून चाचणीपट्टीने कळते. असा चाचणी-संच नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने विकसित केलेला आहे. पट्टीच्याही मर्यादा आहेत. पाकिटात बोंडअळीसाठी आश्रय म्हणून काही बिगर-बीटी दाणे मुद्दाम मिसळलेले असतात. एखाद्या दाण्यात प्रथिन आढळले नाही, म्हणून पाकीट बोगस ठरत नाही. उलट, मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील पऱ्हाटीतही बीटी प्रथिन असू शकते आणि पट्टी तेथेही रेघ दाखवते. पाकिटावर लिहिलेलेच वाण आत आहे का, हे ठरवायला प्रयोगशाळेतील डीएनए तपासणी किंवा शेतात वाढवून केलेली तुलना लागते. म्हणून पेरणीनंतरही रिकामे पाकीट, मूठभर सरकी आणि पक्की पावती घरी जपून ठेवण्यास वडिलांना सांगा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना फोटोसोबत या तिन्ही वस्तू लागतील.