मशीन साखर मोजत नाही, इलेक्ट्रॉन मोजतं

फेब्रुवारीतली गोष्ट आहे. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधल्या काकू, वय ६४, शुगरच्या गोळ्या गेली १२ वर्षं चालू. साडेअकराच्या सुमाराला त्यांच्या सुनेचा फोन आला की आईंना दरदरून घाम सुटलाय, हात थरथरतायत, पण मशीनवर शुगर ८६ दाखवतंय, म्हणजे शुगर तर नॉर्मलच आहे ना? मी नाशिकरोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे बिल्डिंगमधले असले फोन मलाच येतात, आणि त्या दिवशी नेमकी सुट्टी होती.

वर गेले तर डायनिंग टेबलावर निफाडहून आलेली द्राक्षांची पेटी उघडी आणि काकू सकाळपासून घड निवडत बसलेल्या. पहिला संशय तोच. बोटाला द्राक्षाचा रस लागलेला असला की रक्ताच्या थेंबात ती साखर मिसळते आणि मशीन वाट्टेल ते दाखवतं. साबणाने हात धुवून, पुसून, दुसऱ्या बोटाला टोचलं तर ८४. म्हणजे द्राक्षं निर्दोष. मग मी करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये नसेतून रक्त घेतलं, सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाची एक ट्यूब भरली, आणि लगेच काकूंना तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. आकडा काय म्हणतो ते नंतर बघू, माणूस थरथरतोय म्हटल्यावर आधी साखर द्यायची. जवळच्या ओळखीच्या लॅबमध्ये वीसेक मिनिटांत सॅम्पल फिरवून लावलं (ट्यूब तशीच पडून राहिली तर पेशी त्यातली साखर खात बसतात आणि आकडा खोटाच खाली येतो, म्हणून घाई). लॅबची शुगर ६६. आणि सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन ७.५, हिमॅटोक्रिट २३.

७० च्या खाली म्हणजे शुगर लो. काकूंचं शरीर बरोबर सांगत होतं, मशीन चुकत होतं, आणि मशीन बिघडलेलं अजिबात नव्हतं.

आता हे असं का होतं? आपण म्हणतो मशीन साखर मोजतं, पण त्याला साखर दिसतच नाही. पट्टीच्या टोकाला एक बारीक फट असते, तिच्यात जेमतेम अर्धा-एक मायक्रोलिटर रक्त ओढलं जातं. आत एक एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं, ते ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते इलेक्ट्रॉन उचलून इलेक्ट्रोडपर्यंत नेणारा एक हमाल असतो, त्याला मीडिएटर म्हणतात, बऱ्याच पट्ट्यांमध्ये तो फेरीसायनाइड असतो. हमालाने ओझं इलेक्ट्रोडवर उतरवलं की करंट वाहतो, मशीन तो करंट मोजतं आणि आत भरलेल्या हिशोबाने त्याचा आकडा करून दाखवतं. हे सगळं पाचेक सेकंदात. म्हणजे इलेक्ट्रॉन ग्लुकोजकडून आले की दुसऱ्या कुणाकडून, हे मशीनला कळत नाही, आणि वाटेत गर्दी किती होती हेही साध्या मशीनला कळत नाही. चुका याच दोन जागी होतात.

काकूंच्या बाबतीत भानगड गर्दीची. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात लाल पेशींनी किती टक्के जागा व्यापलीय ते, आपल्याकडच्या रिपोर्टवर पुष्कळदा पीसीव्ही असं लिहिलेलं असतं. साधारण ४० ते ४५ ही नेहमीची बात, बायकांमध्ये थोडं कमी, आणि मशीनचा हिशोब याच्या आसपासचं रक्त धरून बसवलेला असतो. लाल पेशी त्या बारीक फटीत जागा अडवतात, ग्लुकोजला एन्झाइमपर्यंत आणि हमालाला इलेक्ट्रोडपर्यंत जायला आडव्या येतात. पेशी कमी असल्या की वाट मोकळी, पाच सेकंदांत जास्त ग्लुकोज पोचतं, करंट जास्त, आकडा खऱ्यापेक्षा वर. पेशी जास्त असल्या की उलटं, आकडा खऱ्यापेक्षा खाली. रविवार कारंजावर सिंहस्थात चालायचं आणि एरवी पहाटे चालायचं यात जो फरक तोच इथे, चालणारा तोच, अंतर तेच, पण पाच मिनिटांत कुठवर पोचाल ते वेगळं.

काकूंच्या पट्ट्यांच्या डबीतला तो घडी घातलेला कागद (जो कुणीच वाचत नाही, मीसुद्धा स्वतःच्या घरचा वाचलेला नव्हता) उघडला तर त्यात हिमॅटोक्रिट ३० ते ५५ चालेल असं स्पष्ट छापलेलं. काकू २३ वर. फरक किती पडला बघा, ६६ च्या जागी ८४, म्हणजे १८ जास्त, साधारण सत्तावीस टक्के. घरगुती मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, त्यात शुगर १०० च्या खाली असेल तर १५ पर्यंत इकडेतिकडे चालतं आणि १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत, तेही शंभरातल्या ९५ वेळा. त्यामुळे मशीनवर दोन-पाचचा फरक दिसला म्हणून भांडू नये. पण १८ हा त्याच्या बाहेरचा, आणि मुख्य म्हणजे चुकीच्या दिशेचा. ८६ बघून काकू अर्धा तास जेवायच्या थांबल्या होत्या.

यातली खरी गोम मागे होती. वही चाळली तर डिसेंबरपासून उपाशीपोटी १४०-१४५ असे आकडे, आणि ते बघून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवरून २ वर नेलेली. डॉक्टरांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्यांच्यासमोर वही होती, सीबीसी नव्हता. पण त्या १४० मधला बराचसा भाग पातळ रक्ताचा असणार, आणि त्या न-साखरेसाठी गोळी वाढली. म्हणून ज्यांना अंगावरून जास्त जातं, मूळव्याधीतून रक्त पडतं, किडनीचा त्रास आहे, डायलिसिस चालू आहे, त्यांनी हे बघावंच. सोपा हिशोब म्हणजे हिमोग्लोबिन गुणिले तीन, साधारण तेवढा हिमॅटोक्रिट येतो. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की तो कागद शोधायचा. बाजारात काही पट्ट्या अशा आहेत की आधी रक्तातून छोटा सिग्नल पाठवून हिमॅटोक्रिट ओळखतात आणि आकडा सुधारून दाखवतात, त्यांची रेंज १० ते ६५ वगैरे रुंद असते. दहा रुपयांची पट्टी आणि तीस रुपयांची पट्टी यात फरक काय असं काउंटरवर विचारतात, तर हा एक आहे.

पेशी जास्त असल्याची गोष्ट मुख्यतः तान्ह्या बाळांची. जन्मल्यावर हिमॅटोक्रिट ५५-६० सहज असतो, मशीन खाली दाखवतं, म्हणून बाळाची शुगर कमी आली की लॅबमधून पक्की करून घेतात. उलट्या-जुलाबाने सुकलेल्या मोठ्या माणसातही थोडंफार तेच.

आता पहिली जागा, परक्या इलेक्ट्रॉनची. व्हिटॅमिन सी इलेक्ट्रॉन द्यायला कायम तयार, अँटिऑक्सिडंट म्हणतात ते यालाच. ते हमालाला किंवा थेट इलेक्ट्रोडलाच इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि मशीन ते साखरेच्या खात्यात जमा करतं. पण लगेच आवळा-पेरू बंद करू नका. तोंडावाटे घेतलेल्या सी ची रक्तातली पातळी एका मर्यादेवर अडकते, जास्तीचं किडनी बाहेर टाकते, त्यामुळे बोटाच्या मशीनला एखाद्या गोळीने विशेष काही होत नाही. खरा गोंधळ सलाइनमधून दिलेल्या सी चा. कॉलेज रोडला हल्ली ग्लो ड्रिप घेतात, त्यात व्हिटॅमिन सी असतं, आणि नसेतून गेलं की आतड्याची ती मर्यादाच राहत नाही, वर किडनी कमकुवत असली तर ते बराच वेळ रेंगाळतं. डोस मोठा असेल तर बोटाचं मशीन खोटंच वर जातं, आणि त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन टोचलं तर मग देवच वाली. गंमत (खरं तर गंमत नाही) म्हणजे आमच्या लॅबमधली नेहमीची जीओडी-पीओडी पद्धत त्याच सी मुळे उलट खाली येते, कारण तिथे रंग आणणारं पेरॉक्साइड सी खाऊन टाकतं. लघवीच्या शुगरच्या पट्टीचंही तसंच. असा पेशंट असेल तर हेक्झोकायनेज पद्धतीने करून घ्या असं सांगायचं.

दंडावर लावायच्या सेन्सरचं प्रकरण थोडं वेगळं. तो रक्त बघत नाही, कातडीखालचं पाणी बघतो, त्यामुळे लाल पेशींचा प्रश्न तिथे नाही. पण तो दिवसचे दिवस आत बसून असतो, आणि प्रत्येक जातीचा सेन्सर आपला वेगळा शत्रू घेऊन येतो. एका जातीत ग्लुकोजपासून बनलेलं पेरॉक्साइड मोजतात, त्याला सुमारे ०.६ व्होल्ट लावावे लागतात, आणि एवढ्या व्होल्टला पॅरासिटामॉलसुद्धा इलेक्ट्रॉन सोडतं. व्हिटॅमिन सी वर ऋण भार असतो, म्हणून ऋण भाराचा पडदा लावून त्याला दारातच अडवता येतं. पॅरासिटामॉलवर भारच नाही, आकारानेही लहान, ते पडद्यातून सरळ आत. २०१५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात १ ग्रॅम पॅरासिटामॉल घेतल्यावर तेव्हाच्या अशा सेन्सरचा आकडा दोन तासांनी सरासरी ६० च्या आसपास खोटा वर होता. नंतर पडदे सुधारले, अशा एका सेन्सरच्या कागदावर मोठ्यांना सहा तासांत १ ग्रॅमपर्यंत चालेल असं लिहिलेलं आहे, म्हणजे ६५० ची एक गोळी चालते, दोन एकदम नाही.

दुसऱ्या जातीत हमाल वापरतात आणि व्होल्ट बरेच कमी ठेवतात, त्यामुळे पॅरासिटामॉल गप्प बसतं. पण सी इतकं उदार की कमी व्होल्टलाही इलेक्ट्रॉन देतं. म्हणून अशा सेन्सरच्या कागदावर दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सी घेऊ नका अशी सूचना येते, काही नव्या मॉडेलवर ही मर्यादा वाढवलेली आहे. चघळायची नारंगी गोळी ५०० चीच असते, आणि सर्दी झाली की माणसं तीन-तीन चघळतात. ओळखायचं कसं? गोळी घेतल्यावर एक-दोन तासांत काही न खाता आलेख चढला आणि काही तासांनी इन्सुलिन न घेताच उतरला, तर धुतलेल्या बोटाने मशीनवर तपासायचं. मात्र सेन्सर ज्या मशीनशी जुळवता ते मशीनच पातळ रक्ताने चुकत असेल तर तीच चूक सेन्सरमध्येही शिरते.

काकूंची गोळी डॉक्टरांनी परत १ वर आणली, रक्त कुठून जातंय त्याची तपासणी झाली, पोटात अल्सर निघाला, लोह सुरू झालं. मे महिन्यात हिमॅटोक्रिट ३४ झाल्यावर मी मुद्दाम दोन्ही एकदम तपासलं, मशीन ११८, लॅब ११३. काकूंनी विचारलं, "अगं, मग आधीचे सगळे आकडे खोटेच की काय?" मी म्हटलं खोटे नाहीत काकू, तेव्हाच्या रक्तातून मशीनला जे दिसलं ते आहेत. त्यांना ते काही फारसं पटलं नाही. त्यांनी वही काढली, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या पानांवर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'रक्त कमी होतं तेव्हाचे'.