बेअरिंगच्या रेसवरचे खळगे: ठोकून पडलेले की उभ्या उभ्या पडलेले?

मोटर उघडली, बेअरिंगची आउटर रिंग ग्राइंडरने कापली आणि रेसवर गोळ्यांच्या अंतराने खळगे दिसले की शॉपमधे सगळे एका सुरात म्हणतात "ब्रिनेलिंग झालंय, कोणीतरी ठोकलंय". पण थांबा, हुबेहूब तसेच दिसणारे दोन प्रकार असतात, खरं ब्रिनेलिंग आणि फॉल्स ब्रिनेलिंग, आणि दुसऱ्यात फिटरचा काही दोष नसतो.

खरं ब्रिनेलिंग म्हणजे नुसतं दाबून पडलेला खड्डा. समजा 10 एचपीच्या मोटरवर 6308 चढवायचंय, बोअर 40 मिमी. शाफ्ट k5 मधे असेल तर तो 40 पेक्षा 2 ते 13 मायक्रॉन जाड, आणि बेअरिंगचा बोअर 12 मायक्रॉनपर्यंत लहान असू शकतो, म्हणजे टाइटपणा 2 ते 25 मायक्रॉन. टाइट फिट इनर रिंगची, आउटर हाउसिंगमधे सहज सरकते. आता पाइप आउटर रिंगवर ठेवून हातोडा मारला तर सगळा जोर गोळ्यांमधून इनरला जातो, आणि दोन्ही रेसवर एकेका कडेला खळगे पडतात, इनरवर एका बाजूला तर आउटरवर विरुद्ध बाजूला. मी स्वतः शिकाऊ असताना हे केलंय, मोटर चालू केल्या केल्या गुरगुरली. प्रेस वापरा, चालतं, पण पाइप फक्त इनर रिंगवरच टेकला पाहिजे.

गरम करणं मला जास्त आवडतं कारण जोरच लागत नाही. शाफ्ट 30 अंश, बेअरिंग 110 अंश, तर बोअर साधारण 38 मायक्रॉन वाढतो, म्हणजे वरचे 25 सुटतात आणि ते हातानेच खांद्यापर्यंत सरकतं, फक्त थंड होताना तसंच दाबून धरायचं नाहीतर आकसताना मागे सरकतं. 120 च्या वर नको, गॅसची ज्योत तर अजिबात नको. रबर सीलवालं असेल तर 80 च्या आसपास थांबा.

फॉल्स ब्रिनेलिंग होतं ते मोटर उभी असताना. स्टँडबाय पंप महिनोन्महिने बंद, शेजारचा पंप चालू, फाउंडेशन थरथरतंय, गोळ्या एकाच जागी घासतात, मधलं ग्रीस निघून जातं आणि धातू झिजतो.

फरक ओळखायचा तर खळगा पुसून भिंगातून बघा. खऱ्यात तळाशी ग्राइंडिंगच्या बारीक रेघा अजून दिसतात कारण धातू फक्त दबलाय, फॉल्समधे त्या रेघा झिजून गेलेल्या असतात आणि बऱ्याचदा तांबूस भुकटी सापडते. जागा पण बघा, आडव्या मोटरमधे फॉल्सचे डाग आउटर रेसच्या खालच्या भागात जमतात, ठोकलेले मात्र पूर्ण गोलावर एका कडेने.

आणि फॉल्स निघालं तर हीटर आणून काही उपयोग नाही, स्टँडबायचा शाफ्ट आठवड्याला चार फेरे फिरवून वेगळ्या जागी थांबवायचा.